जनरल इन्शुरन्सचा रेव्हेन्यू अकाउंट: क्लेम आउटस्टँडिंग आणि अनएक्सपायर्ड रिस्क रिझर्व्हवर सारखे येणारे प्रश्न

नागपुरात बीकॉम-एमकॉमची परीक्षा जवळ आली की या चॅप्टरवरचे तेच तेच मेसेज परत सुरू होतात, आणि विमा कंपनीच्या ब्रांचला नवीन लागलेली पोरंही तेच विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलं. उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, तर जिथे "अमुक प्रश्न बघा" लिहिलंय तिथे खरंच जाऊन बघा. उदाहरणातले सगळे आकडे मी तयार केलेले आहेत.

1. सर, जनरल इन्शुरन्स कंपनीत प्रॉफिट अँड लॉस असतोच ना, मग हा रेव्हेन्यू अकाउंट वेगळा काहून बनवतात?

दोन्ही बनतात, पण कामं वेगळी आहेत. रेव्हेन्यू अकाउंट फक्त विम्याच्या धंद्याचा असतो, आणि फायर, मरीन आणि मिसलेनियस असे तीन वेगवेगळे काढावे लागतात. म्हणजे आगीच्या विम्यात कमावलं आणि मोटारमध्ये गमावलं तर ते एकमेकांत झाकलं जात नाही. प्रत्येकाचा ऑपरेटिंग प्रॉफिट किंवा लॉस तिथून उचलून प्रॉफिट अँड लॉसला नेतात, आणि शेअरहोल्डरच्या पैशावरचं इन्व्हेस्टमेंट इन्कम, टॅक्सची तरतूद, डिव्हिडंड हे सगळं तिकडे येतं. फॉरमॅट मुळात आयआरडीएच्या 2002 च्या रेग्युलेशनमधून आलेला: रेव्हेन्यू अकाउंट म्हणजे फॉर्म बी-आरए, प्रॉफिट अँड लॉस म्हणजे बी-पीएल आणि बॅलन्स शीट म्हणजे बी-बीएस. लाइफ कंपनीचे फॉर्म "ए"ने सुरू होतात, ते इथे वापरू नका.

2. बी-आरए मध्ये नेमकं काय काय येतं? पाठ होत नाही.

पाठ करायला फार काही नाहीच. वरच्या भागात, ज्याला ए म्हणतात, त्यात प्रीमियम अर्न्ड नेट (शेड्युल 1), इन्व्हेस्टमेंट विकून झालेला नफा-तोटा, इतर काही असेल तर ते, आणि व्याज-डिव्हिडंड-भाडं ग्रॉस, म्हणजे टीडीएस कापायच्या आधीचा आकडा. खालच्या भागात, म्हणजे बी मध्ये, क्लेम्स इनकर्ड नेट (शेड्युल 2), कमिशन (शेड्युल 3) आणि ऑपरेटिंग खर्च (शेड्युल 4). ए वजा बी म्हणजे ऑपरेटिंग प्रॉफिट, आणि मग त्याचं वाटप: शेअरहोल्डर अकाउंटला किती, कॅटास्ट्रॉफी रिझर्व्हला किती, बाकी रिझर्व्हला किती.

मार्क जातात ते शेड्युल 1 आणि 2 मध्ये. कमिशन आणि खर्च सहसा सरळ बेरीज-वजाबाकीचे असतात, म्हणून खाली सगळा जोर पहिल्या दोघांवरच आहे.

3. अनएक्सपायर्ड रिस्क रिझर्व्ह आणि क्लेम आउटस्टँडिंग, दोन्ही पुढे द्यायचेच पैसे आहेत ना, मग फरक काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि हा सुटला की अर्धा चॅप्टर सुटतो. फरक एका तारखेवर ठरतो: नुकसान कधी झालं.

कळमन्यातल्या एका मिरचीच्या गोडाऊनची फायर पॉलिसी घेऊ, 1 जानेवारी 2025 ते 31 डिसेंबर 2025. कंपनीचं वर्ष 31 मार्च 2025 ला संपतं. समजा 28 मार्चला आग लागली आणि 31 मार्चपर्यंत पैसे दिले गेले नाहीत, तर नुकसान याच वर्षात झालंय, देणं उभं राहिलंय, फक्त चुकतं व्हायचंय. हे क्लेम आउटस्टँडिंग. आता समजा 31 मार्चपर्यंत काहीच झालं नाही, पण पॉलिसी अजून नऊ महिने चालू आहे आणि त्या नऊ महिन्यांचा प्रीमियम कंपनीने आधीच घेऊन ठेवलाय. पुढे आग लागेल की नाही हे कोणालाच माहीत नाही, पण त्या धोक्यापोटी घेतलेला पैसा या वर्षाची कमाई म्हणता येत नाही. तो बाजूला ठेवायचा, तो अनएक्सपायर्ड रिस्क रिझर्व्ह.

आणि आग 3 एप्रिलला लागली तर? पॉलिसी जुन्या वर्षात विकली असली तरी 31 मार्चच्या क्लेम आउटस्टँडिंगमध्ये ही आग घालायची नाही, कारण त्या तारखेला नुकसान झालेलंच नव्हतं. तिच्यासाठीच तर रिझर्व्ह ठेवलाय. म्हणूनच रिझर्व्ह शेड्युल 1 मध्ये प्रीमियममधून कापला जातो आणि आउटस्टँडिंग शेड्युल 2 मध्ये क्लेममध्ये मिळवलं जातं. दोघांची जागा अदलाबदल केली की खालचा प्रॉफिट तोच येतो, पण दोन्ही शेड्युल चुकतात.

4. रिझर्व्ह 50 टक्केच का? हा आकडा आला कुठून?

पुस्तकातली टक्केवारी मुळात विमा कायदा 1938 च्या कलम 64व्ही मधून आली: फायर, मिसलेनियस आणि मरीन कार्गोला नेट प्रीमियमच्या 50 टक्के, मरीन हलला 100 टक्के. 50 मागचा विचार असा की पॉलिस्या वर्षभर साधारण सारख्या विकल्या जातात, कोणाची एप्रिलमध्ये सुरू होते तर कोणाची मार्चमध्ये, सगळ्यांची सरासरी काढली तर 31 मार्चला प्रत्येकीचं अर्धं वर्ष शिल्लक असतं.

हा अंदाज आहे, आणि एकेका पॉलिसीला तो बसत नाही. वरच्या गोडाऊनचा प्रीमियम 73,000 रुपये धरा, म्हणजे दिवसाला 200. 1 जानेवारी ते 31 मार्च 90 दिवस झाले, तर कमाई 18,000, आणि उरलेल्या 275 दिवसांचे 55,000 रिझर्व्हला जायला पाहिजेत. 50 टक्क्यांनी मात्र 36,500 च जातात. दिवसांनी मोजायच्या या पद्धतीला 1/365 पद्धत म्हणतात, आणि 2016 च्या नियमांत कंपन्यांना हल सोडून बाकी धंद्यात 50 टक्के किंवा 1/365 यापैकी एक निवडायची मुभा दिली. जी निवडली ती सारखी पाळायची, सोयीप्रमाणे बदलायची नाही. परीक्षेत तारखा दिल्या नसतील तर टक्केवारीच लावा.

5. 50 टक्के कशाचे? टोटल प्रीमियमचे की नेटचे?

नेटचे. डायरेक्ट प्रीमियम, अधिक रिइन्शुरन्स घेतल्याचा प्रीमियम, वजा रिइन्शुरन्स दिल्याचा प्रीमियम, आणि जे उरतं त्याचे. जो धोका दुसऱ्या कंपनीच्या गळ्यात घातलाय त्याचा रिझर्व्ह आपण कशाला ठेवायचा? आणि जो दुसऱ्याकडून आपण घेतलाय त्याचा ठेवायलाच पाहिजे.

घाईत डायरेक्ट प्रीमियमवरच 50 टक्के काढणारे खूप पेपर दिसतात. ओळखायची सोपी खूण: रिझर्व्हचा आकडा दुप्पट करून बघा, तो शेड्युल 1 मधल्या "नेट प्रीमियम" ओळीशी जुळला पाहिजे. आणि प्रीमियमच्या आकड्यात जीएसटी मिसळलेला असेल तर आधी काढून टाका, तो सरकारचा आहे.

6. एक पूर्ण उदाहरण द्या ना, शेड्युल 1 आणि 2 दोन्हीचं.

घ्या. फायर विभाग, वर्ष 31 मार्च 2025 ला संपलेलं, आकडे लाखात. डायरेक्ट प्रीमियम 900, रिइन्शुरन्स घेतला 100, दिला 200. मागच्या वर्षीचा नेट प्रीमियम 720 होता, म्हणून सुरुवातीचा रिझर्व्ह 360. दिलेले क्लेम 410, सर्व्हेयर फी 12, क्लेमच्या केसेसचा वकील खर्च 8. रिइन्शुरन्स घेतलेल्या धंद्यावर दिलेले क्लेम 30, रिइन्शुररकडून मिळालेले 90. वर्षअखेरचे आउटस्टँडिंग क्लेम 110, त्यातले 25 रिइन्शुरर देणार. सुरुवातीचे आउटस्टँडिंग, नेट, 60.

| शेड्युल 1 | लाख | शेड्युल 2 | लाख |
|---|---|---|---|
| डायरेक्ट प्रीमियम | 900 | क्लेम दिले, फी आणि वकील खर्चासह | 430 |
| अधिक रिइन्शुरन्स घेतला | 100 | अधिक रिइन्शुरन्स घेतला | 30 |
| वजा रिइन्शुरन्स दिला | 200 | वजा रिइन्शुरन्स दिला | 90 |
| नेट प्रीमियम | 800 | नेट क्लेम दिले | 370 |
| रिझर्व्हमधला बदल | (40) | अधिक अखेरचे आउटस्टँडिंग | 85 |
| | | वजा सुरुवातीचे आउटस्टँडिंग | 60 |
| प्रीमियम अर्न्ड | 760 | क्लेम्स इनकर्ड | 395 |

रिझर्व्हमधला बदल असा आला: आता 800 चे 50 टक्के म्हणजे 400 पाहिजेत, हाताशी 360 आहेत, म्हणजे आणखी 40 बाजूला ठेवायचे, म्हणून वजा. 400 पूर्ण वजा करून 360 मिळवले तरी उत्तर तेच, पण फॉरमॅटमध्ये फरकाची एकच ओळ आहे, तर वर्किंग नोटमध्ये दोन्ही दाखवा आणि शेड्युलमध्ये 40 लिहा.

पुढे व्याज-डिव्हिडंड 45 धरलं तर ए झालं 805. नेट कमिशन 70, खर्च 165, तर बी झालं 395 अधिक 70 अधिक 165 म्हणजे 630. ऑपरेटिंग प्रॉफिट 175.

7. रिझर्व्हमधला बदल कधी प्लस आणि कधी मायनस, नेहमी गोंधळ होतो.

चिन्ह पाठ करू नका, धंद्याकडे बघा. नेट प्रीमियम मागच्या वर्षीपेक्षा वाढला तर जास्त बाजूला ठेवावं लागतं, तर बदल मायनस. प्रीमियम घटला तर जुन्यातलं काही मोकळं होतं, तर प्लस. प्रश्न 6 मध्ये 720 चा 800 झाला, म्हणून मायनस. तोच 720 चा 640 झाला असता तर रिझर्व्ह 320 लागला असता आणि 40 प्लस आले असते. टक्केवारी मध्येच बदलली किंवा अ‍ॅडिशनल रिझर्व्ह असला तर मात्र हा अंदाज चालत नाही, तेव्हा अखेरचा आणि सुरुवातीचा आकडा वेगवेगळा काढूनच वजाबाकी करा.

8. अ‍ॅडिशनल रिझर्व्ह म्हणजे काय भानगड आहे?

कंपनीला वाटलं की ठरलेली टक्केवारी पुरणार नाही तर ती वर आणखी काही ठेवते. प्रश्नात लिहिलेलं असतं, "फायरसाठी नेट प्रीमियमच्या 10 टक्के अ‍ॅडिशनल रिझर्व्ह ठेवा". प्रश्न 6 मध्येच हे टाकलं तर अखेरचा अ‍ॅडिशनल 80. सुरुवातीचा अ‍ॅडिशनल ट्रायल बॅलन्समध्ये 72 दिला असेल तर आणखी 8 वजा होतील आणि प्रीमियम अर्न्ड 752 येईल. सुरुवातीचा दिलाच नसेल तर तो शून्य धरायचा, मनाने मागच्या वर्षाचे 10 टक्के काढायचे नाहीत.

9. क्लेम अजून कंपनीला कळवलाच नाही, तर तो आउटस्टँडिंगमध्ये कसा घेणार?

घ्यावाच लागतो, आणि याचं नाव आयबीएनआर, म्हणजे नुकसान झालंय पण कळवलं नाही. प्रश्न 3 मधली 28 मार्चची आग कंपनीला 4 एप्रिलला कळली तरी ती 31 मार्चच्या आकड्यातच जाते. खऱ्या कंपनीत असे किती क्लेम मागाहून येतील याचा अंदाज अ‍ॅक्च्युअरी जुन्या अनुभवावरून काढतो.

याचाच भाऊ आयबीएनईआर: कळवलंय, पण जेवढं सांगितलं तेवढ्यात भागणार नाही. हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात आग लागली, सर्व्हेयर आला, वरवर बघून 8 लाखांचा अंदाज दिला, आणि नंतर मशीन उघडल्यावर आतलं वायरिंग, मोटर सगळं जळालेलं निघालं आणि आकडा 14 लाखांवर गेला. असे पहिले अंदाज नंतर वाढतात हा अनुभव असतो, म्हणून कळवलेल्या क्लेमवरही जादा तरतूद लागते. 2002 च्या रेग्युलेशनमध्ये दोन्ही क्लेम आउटस्टँडिंगमध्ये धरा असं स्पष्ट लिहिलं होतं.

सगळ्यात जास्त लांबतं ते मोटार थर्ड पार्टीचं. वर्धा रोडवर 2022 मध्ये अपघात झाला, केस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालू आहे, निकाल नाही, तर दर 31 मार्चला तो क्लेम नवीन माहितीप्रमाणे परत मोजून आउटस्टँडिंगमध्ये दाखवत राहायचा. फायरचे बहुतेक क्लेम वर्ष-दोन वर्षांत मिटतात, थर्ड पार्टीचे तसे मिटत नाहीत.

10. मागच्या वर्षी 60 लाख आउटस्टँडिंग धरलं आणि यावर्षी ते 52 मध्येच मिटलं, तर 8 चं काय करायचं?

वेगळं काहीच नाही, फॉरमॅट आपोआप करतो. दिलेले 52 या वर्षीच्या "क्लेम दिले" मध्ये आहेतच, आणि सुरुवातीचे 60 वजा होतात, तर या वर्षीचा क्लेम खर्च 8 ने कमी दिसतो. हा अंदाजातला बदल आहे, मागच्या वर्षाची चूक नाही, म्हणून जुनं वर्ष उघडत बसायचं नाही. उलट 68 ला मिटलं तर 8 चा भार या वर्षावर. पण दरवर्षी एकाच बाजूला फरक येत असेल तर तो अंदाज मुद्दाम कमी किंवा जास्त धरला जातोय, आणि ऑडिटरने नेमकं तिथे बोट ठेवलं पाहिजे.

11. सर्व्हेयर फी आणि वकिलाचा खर्च क्लेममध्ये की ऑपरेटिंग खर्चात? आणि साल्व्हेज?

त्या त्या क्लेमसाठी लागलेली सर्व्हेयर फी, वकील, तपासणी हे सगळं क्लेममध्ये, शेड्युल 2 ला. कंपनीच्या नेहमीच्या कायदेशीर सल्ल्याची फी, ब्रांचचं भाडं, क्लेम विभागातल्या लोकांचे पगार हे शेड्युल 4 ला. प्रश्नात नुसतं "लीगल एक्स्पेन्सेस" असेल तर "इन्क्लूडिंग फॉर क्लेम्स" वगैरे लिहिलंय का ते शोधा, नसेल तर शेड्युल 4.

साल्व्हेज, म्हणजे जळालेला माल किंवा गाडीचा सांगाडा विकून येणारे पैसे, क्लेममधून वजा करता येतात, पण ते मिळणार याची पुरेशी खात्री असेल तरच. भंगारवाल्याने नुसता तोंडी भाव सांगितला तर ती खात्री झाली नाही.

12. ट्रायल बॅलन्समध्येच क्लेम आउटस्टँडिंग दिलंय, ते वजा करू की मिळवू की सोडू?

तारीख वाचा. 1 एप्रिलची म्हणजे सुरुवातीची रक्कम क्रेडिटला दिली असेल तर ती शेड्युल 2 मध्ये वजा. 31 मार्चची म्हणजे अखेरची रक्कम ट्रायल बॅलन्सच्या आतच क्रेडिटला असेल तर तिची एन्ट्री झालेली आहे, क्लेम अकाउंट डेबिट होऊन गेलंय, म्हणजे दिलेल्या क्लेमच्या आकड्यात ती आधीच मिसळलीय. ती परत मिळवायची नाही, फक्त बॅलन्स शीटला न्यायची. ट्रायल बॅलन्सच्या बाहेर, खालच्या अ‍ॅडजस्टमेंटमध्ये दिली असेल तर दोन्हीकडे, शेड्युल 2 ला मिळवा आणि बॅलन्स शीटलाही दाखवा.

बॅलन्स शीटमध्ये दोघांच्या जागा वेगळ्या आहेत हेही इथेच सांगतो: क्लेम आउटस्टँडिंग करंट लायबिलिटीज, शेड्युल 13 ला, अनएक्सपायर्ड रिस्क रिझर्व्ह प्रोव्हिजन्स, शेड्युल 14 ला. रिझर्व्ह नावात आहे म्हणून तो शेड्युल 6 च्या रिझर्व्ह्ज अँड सरप्लसमध्ये टाकतात, ते चूक. तो शेअरहोल्डरचा पैसा नाही.

13. मरीनला 100 टक्के की 50?

हल म्हणजे जहाज, त्याला 100. कार्गो म्हणजे माल, त्याला 50. पण बऱ्याच पुस्तकांत नुसतं "मरीन" लिहून 100 टक्के धरलेले असतात, म्हणून प्रश्नात फोड नसेल आणि टक्केवारीही दिली नसेल तर 100 घ्या आणि वर्किंग नोटमध्ये तसं गृहीत धरल्याचं लिहा. 100 टक्क्यांचा परिणाम समजून घ्या: या वर्षीचा पूर्ण नेट प्रीमियम बाजूला जातो आणि मागच्या वर्षीचा पूर्ण मोकळा होतो, म्हणजे या वर्षाची प्रीमियमची कमाई म्हणून मागच्या वर्षीचाच आकडा दिसतो.

14. प्रीमियम आउटस्टँडिंग दिलंय, पण विम्यात तर आधी पैसे घेतात ना?

बरोबर पकडलं. कलम 64व्हीबी प्रमाणे प्रीमियम आल्याशिवाय, किंवा तो मिळण्याची ठरलेली हमी किंवा डिपॉझिट असल्याशिवाय, कंपनी जोखीमच घेऊ शकत नाही. म्हणून प्रत्यक्षात येणं दिसतं ते जास्त करून दुसऱ्या विमा कंपन्यांकडून. परीक्षेच्या गणितात मात्र दिलं असेल तर अखेरचं मिळवा, सुरुवातीचं वजा करा, आणि हे सगळं झाल्यावरच नेट प्रीमियम काढून त्याच्यावर रिझर्व्ह लावा. उलट पुढच्या वर्षी सुरू होणाऱ्या पॉलिसीचा प्रीमियम आधीच आला असेल तर तो रिझर्व्हमध्ये नाही, "प्रीमियम रिसीव्ह्ड इन अ‍ॅडव्हान्स" म्हणून शेड्युल 13 ला. ती जोखीम अजून सुरूच झाली नाही.

15. कंपनीने क्लेम नाकारला आणि ग्राहक कोर्टात गेला, तर तो आउटस्टँडिंग धरायचा का?

नाकारला म्हणून शून्य, असं नाही. पॉलिसीधारक ग्राहक आयोगात गेला तर केस हरायची शक्यता किती, किती द्यावं लागेल, व्याज किती, हे बघून तरतूद करायची. पॉलिसीवरचा क्लेम नुसता कंटिंजंट लायबिलिटीच्या नोटमध्ये ढकलायची सवय बरी नाही, कारण फॉरमॅटमधली ती ओळच "पॉलिसीखालचे सोडून इतर दावे" अशी आहे. परीक्षेत "क्लेम नाकारला, केस नाही" असं असेल तर सोडून द्या, आणि तो अखेरच्या आउटस्टँडिंगमध्ये धरलेला असेल तर काढा.

16. रिझर्व्ह ठेवूनही कमी पडला तर? त्याला काही नाव आहे का?

प्रीमियम डेफिशियन्सी. समजा एका धंद्यात रिझर्व्ह 50 लाखांचा आहे, पण उरलेल्या काळात अपेक्षित क्लेम 52 लाख आणि पॉलिस्या सांभाळायचा खर्च 4 लाख, म्हणजे 56 लागणार. वरचे 6 लाख याच वर्षी तोटा म्हणून घ्यायचे, पुढच्या वर्षाची वाट बघायची नाही, आणि बॅलन्स शीटमध्ये ते प्रोव्हिजन्समध्येच वेगळे दाखवायचे. हे अ‍ॅडिशनल रिझर्व्हसारखं वाटतं (प्रश्न 8), पण तो कंपनी स्वतःच्या मर्जीने ठेवते. हे 6 लाख मात्र हिशोबातून कमी पडतायत हे दिसल्यावर घ्यावेच लागतात.